सहा हजार सायकल्सचा हिशेब

घरावर सोलर बसवून देणाऱ्याकडे लिथियम बॅटरीची चौकशी केली, की पहिल्या पाच मिनिटांत एक आकडा कानावर पडतो: सहा हजार सायकल्स. माहितीपत्रकात तो ठळक छापलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘८० टक्के क्षमतेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. बॅटरी रोज एकदा भरायची आणि एकदा रिकामी करायची असं धरलं, तर सहा हजार सायकल्सना सोळा वर्षं आणि वर पाच महिने लागतात. पण ज्या मॉडेलवर हा आकडा छापलेला असतो, ते बाजारात येऊन बहुधा दोन-तीन वर्षंच झालेली असतात. सोळा वर्षं कुणीच थांबलेलं नसतं. मग हा आकडा आला कुठून?

तो हवेतून काढलेला नसतो, तसा पूर्णपणे मोजलेलाही नसतो. त्याचा काही भाग प्रयोगशाळेत मोजलेला असतो आणि उरलेला गणिताने पुढे नेलेला असतो. हे गणित चांगलं आहे, त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे. मात्र ते काही अटींवर उभं असतं आणि त्या अटी ठळक अक्षरांत छापल्या जात नाहीत. चाळीस-पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंतचे पैसे या आकड्याच्या भरवशावर खर्च होतात, तेव्हा ग्राहकाने त्या अटी समजून घ्यायलाच हव्यात.

८० टक्केच का?

बॅटरी बल्बसारखी एका क्षणी बंद पडत नाही. तिची साठवणक्षमता हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे ‘आता ती संपली’ असं कधी म्हणायचं, ते आधी ठरवून घ्यावं लागतं. दूरध्वनी केंद्रं आणि वीज उपकेंद्रांमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांसाठी आयईईई या संस्थेचं मानक सांगतं, की क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदला. त्यामागचं कारण व्यवहारी होतं. त्या बॅटऱ्यांची घसरण ८० नंतर वेग घेते आणि मग त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुढे अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या यूएसएबीसी या संयुक्त उपक्रमाने १९९६ च्या आपल्या चाचणी-पुस्तिकेत विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीसाठीही हीच रेषा धरली. लिथियम बॅटरीने ती वारशाने घेतली.

म्हणजे ८० टक्क्यांवर लिथियम सेलमध्ये विशेष काही घडतं असं नाही. ती एक ठरवलेली रेषा आहे, आणि ती थोडी सरकवली की आयुष्याचा आकडा खूप सरकतो. काही सेलच्या डेटाशीटमध्ये ‘७० टक्के क्षमतेपर्यंत’ असं असतं. वरवर पाहता हा दहा टक्क्यांचाच फरक वाटतो. पण क्षमतेची घट पुढेपुढे मंदावत जाते, आणि त्या हिशेबाने ८० च्या जागी ७० लिहिलं की कागदावरच्या सायकल्स जवळजवळ दुप्पट होतात. घट मंदावते का, हे कळलं की चाचणीची सगळी युक्ती कळते.

सेलच्या आत काय झिजतं?

घरगुती साठवणीसाठी सध्या जास्त करून लोह-फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल वापरतात. सेलच्या एका बाजूला लोह-फॉस्फेट असतं, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट आणि मध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. ही ये-जा अगदी निर्दोष झाली असती, तर सेल कधीच म्हातारा झाला नसता.

पण भरलेल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट टिकत नाही. त्याचं विघटन होतं आणि ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये त्याचं स्वरूप मांडलं. एसईआय या नावाने तो ओळखला जातो. हा थर नसता तर सेल चाललाच नसता, कारण तोच पुढचं विघटन रोखतो. मात्र तो तयार होताना लिथियम खातो. सीलबंद सेलमध्ये लिथियम मोजकंच असतं. थरात अडकलेलं लिथियम परत फिरत नाही आणि तेवढी क्षमता कायमची जाते.

थर जसा जाड होतो, तशी पुढची विक्रिया अवघड होत जाते, कारण तिला त्याच थरातून वाट काढावी लागते. म्हणून थराची वाढ सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर मंदावते. गणितात सांगायचं तर घट वापराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वापर चौपट झाला तर घट दुपटीच्या आसपास जाते. चाचणी करणाऱ्याला मिळालेलं पहिलं हत्यार हे. सुरुवातीचा तुकडा नीट मोजला, तर पुढची वाट रेखता येते.

दुसरं हत्यार तापमानाचं आहे. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार रासायनिक विक्रियांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, असा त्याचा ढोबळ अर्थ घेतला जातो. एसईआयची वाढ ही विक्रियाच आहे, म्हणजे सेल गरम ठेवला की त्याचं म्हातारपण लवकर येणार. प्रयोगशाळा हेच करते.

चाचणी-कक्षात

चाचणी-कक्ष बाहेरून मोठ्या फ्रिजसारख्या कपाटाचा असतो. आतलं तापमान ठरवलेल्या अंशावर, एखाद्या अंशाच्या फरकाने, महिनोन्‌महिने टिकवलं जातं. सेलच्या अंगावर तापमान मोजणारी तार चिकटवलेली असते. चौकोनी सेल असेल तर तो दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवतात. २८० अँपिअर-तासांच्या सेलच्या डेटाशीटमध्ये हा दाब ३०० किलोग्रॅम-बळ असा लिहिलेला आढळतो. दाब नसेल तर सेल फुगतो, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि आयुष्य घटतं. घरी येणाऱ्या बॅटरीच्या पेटीत तसाच दाब असेल, याची खात्री कुणी देत नाही.

मग सायकल सुरू होते. ०.५ सी हा प्रवाह घेतला, तर सेल भरायला सुमारे दोन तास आणि रिकामा व्हायला दोन तास. एक सी म्हणजे तासाभरात पूर्ण रिकामा करणारा प्रवाह, ०.५ सी म्हणजे त्याच्या निम्मा. सेलचं व्होल्टेज ३.६५ पर्यंत चढवायचं, प्रवाह अगदी बारीक होईपर्यंत तिथेच धरून ठेवायचं, अर्धा तास थांबायचं. मग २.५ व्होल्टपर्यंत रिकामा करायचा आणि पुन्हा अर्धा तास थांबायचं. अशी एक सायकल पाच तासांची होते. ठरावीक सायकल्सनंतर सेल पुन्हा २५ अंशांवर आणून, संथ प्रवाहाने त्याची खरी क्षमता तपासतात. ही तपासणी नेहमी एकाच तापमानाला करावी लागते, कारण उबदार सेल जास्त वीज देतो आणि त्याची झीज झाकली जाते.

पाच तासांच्या हिशेबाने सहा हजार सायकल्सना ३०,००० तास लागतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. सोळा वर्षांची साडेतीन झाली हे खरं, पण नवं मॉडेल बाजारात आणायची घाई असलेल्या उत्पादकाला तेही परवडत नाही. म्हणून मग तापमान वाढवलं जातं.

एका सेलचा हिशेब

हे गणित प्रत्यक्ष कसं चालतं, ते दाखवणारा एक उघड अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एचआरएल लॅबोरेटरीज आणि जनरल मोटर्स इथल्या संशोधकांनी २.२ अँपिअर-तासांचे, बोटभर जाडीचे एलएफपी सेल घेतले आणि उणे ३० ते ६० अंश तापमानांत, वेगवेगळ्या प्रवाहांवर, वेगवेगळ्या खोलीपर्यंत रिकामे करत झिजवले. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संथ म्हणजे ०.५ सी प्रवाहावरच्या सेलसाठी त्यांनी एक सूत्र दिलं. त्यात दोनच गोष्टी होत्या: तापमान आणि सेलमधून एकूण किती अँपिअर-तास गेले तो आकडा. घट या आकड्याच्या ०.५५ व्या घाताने वाढते, म्हणजे जवळपास वर्गमुळाने. आपण वर पाहिलेल्या थराच्या वाढीशी हे जुळतं.

या सूत्रात आकडे घालून पाहू. एका सायकलला दोन अँपिअर-तास धरले, तर ६० अंशांवर हा सेल ८० टक्क्यांवर यायला साधारण ७७० सायकल्स लागतात. विश्रांती सोडली तर सायकल चार तासांची, म्हणजे सुमारे सव्वाचार महिने. ४५ अंशांवर हाच सेल २,००० च्या आसपास सायकल्स चालतो आणि त्याला अकरा महिने लागतात. २५ अंशांवर सूत्र ८,६०० सायकल्स सांगतं, ज्या मोजायला जवळजवळ चार वर्षं लागली असती.

म्हणजे ६० अंशांवर सव्वाचार महिन्यांत, ४५ वर अकरा महिन्यांत सेल खरोखर ८० टक्क्यांपर्यंत झिजवून पाहता येतो. या दोन-तीन तापमानांच्या वेगांतून एक रेषा मिळते. ती २५ अंशांपर्यंत खाली वाढवली, की चार वर्षं न थांबता चार वर्षांनंतरचं उत्तर हाती येतं. ‘२५ अंशांवर अमुक हजार सायकल्स’ हे वाक्य साधारण असं तयार होतं.

पण या सगळ्याला एक अट आहे. गरम कक्षात सेल ज्या कारणाने झिजतो, त्याच कारणाने तो घरी झिजला पाहिजे. आढीत ऊब मिळाल्याने आंबा लवकर पिकतो. तोच आंबा उकळत्या पाण्यात टाकला तर तो आणखी लवकर मऊ होतो, पण त्याला पिकणं म्हणत नाहीत. त्यावरून आढीतला आंबा किती दिवसांत तयार होईल, हे कुणी सांगू शकत नाही. फार उष्णतेत इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं क्षारच फुटू लागतं आणि थराची रचना बिघडते. या विक्रिया २५ अंशांवर नगण्य असतात. त्यांचा वेग हिशेबात मिसळला की रेषा भलतीकडे जाते.

हे ओळखायची रीत साधी आहे. झिजण्याच्या वेगाचा लॉगरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायचा. सगळे बिंदू एका सरळ रेषेवर आले, तर कारण एकच आहे. कुठे वाकले, तर तिथे दुसरं काही सुरू झालं आहे आणि त्यापलीकडचे बिंदू टाकून द्यायचे. दोनच तापमानांवर चाचणी केली तर हे कधीच कळत नाही, कारण दोन बिंदूंतून नेहमीच सरळ रेषा जाते. किमान तीन तापमानं लागतात ती यासाठी.

वाकण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण थंडीकडे आहे. जर्मनीतल्या उल्म इथे वाल्डमान आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या रसायनाचे लिथियम-आयन सेल उणे २० ते ७० अंशांवर एक सी प्रवाहाने झिजवले. २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की सर्वांत कमी झीज २५ अंशांच्या आसपास होते. त्याहून गरम केलं तर थर वाढतो. त्याहून थंड केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. गरम कक्षातली चाचणी थंडीतल्या दुखण्याबद्दल काहीच सांगत नाही. प्रवाह वाढवून चाचणी लवकर उरकायची म्हटलं तरी हाच धोका असतो. जलद चार्जिंगमध्येही लिथियम साचतं, आणि संथ वापरात ते होणारच नसतं.

वक्ररेषेच्या निवडीत सगळं आलं

काही उत्पादक तापमान न वाढवता २५ अंशांवरच काही महिने चाचणी चालवतात आणि आलेख पुढे वाढवतात. याच सेलचं सूत्र घेऊन पाहू. २५ अंशांवर हजार सायकल्सनंतर, म्हणजे साडेपाच महिन्यांत, सहा टक्क्यांच्या किंचित वर क्षमता गेलेली असते. हा एकच बिंदू आहे. त्यातून सरळ रेषा ओढली तर २० टक्के घट ३,३०० सायकल्सना होते. मंदावत जाणारी रेषा ओढली तर ८,६०० ना. मोजमाप तेच, सेल तोच, आणि दावा अडीच पटींहून जास्त वेगळा.

एलएफपी सेल संथ वापरात मंदावणाऱ्या रेषेने चालतो, याला चांगला आधार आहे. तरी मोजण्यातली छोटी चूक इथे मोठी होते. हजार सायकल्सनंतरची घट मोजताना अर्धा टक्का इकडे-तिकडे झाला, तर उत्तर साधारण साडेसात हजार ते दहा हजारांच्या मध्ये कुठेही पडतं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा एकाच सेलवर भिस्त ठेवत नाहीत. प्रत्येक अटीला अनेक सेल लावतात आणि त्यांच्यातल्या कमजोराकडे लक्ष ठेवतात.

मोजमाप अधिक बारीक करणं हाही एक मार्ग आहे. कॅनडात डलहौसी विद्यापीठातले जेफ डॅन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी त्यासाठी अतिशय अचूक चार्जर बांधले. सेलमध्ये किती भार घातला आणि किती परत मिळाला, यांतला लाखात काही भाग इतका बारीक फरक ते टिपतात. दर सायकलला दहा हजारात एक भाग लिथियम वाया जात राहिलं, तर २० टक्के घट सुमारे २,२०० सायकल्समध्ये होईल. सहा हजार गाठायच्या असतील तर गळती लाखात चारच्या आत हवी. ही गळती काही आठवड्यांत मोजता आली, तर दोन सेलपैकी जास्त टिकाऊ कोणता हे फार लवकर कळतं.

मात्र कोणतीही वक्ररेषा एक गोष्ट आधी सांगू शकत नाही. आलेख बराच काळ मंद उतरतो आणि मग अचानक कोसळतो. अभ्यासक या वळणाला गुडघा म्हणतात. तोवर एसईआयने ग्रॅफाइटची छिद्रं बुजवलेली असतात, इलेक्ट्रोलाइट कमी झालेलं असतं, आणि साध्या चार्जिंगमध्येही लिथियम साचू लागतं. साचलेलं लिथियम नवा थर बनवतं, त्याने छिद्रं आणखी बुजतात आणि चक्र वेग घेतं. हजार सायकल्सच्या आलेखात चार हजारांवरचा गुडघा दिसत नाही. त्याची चाहूल दुसरीकडे लागते. अंतर्गत रोध वाढू लागतो, चार्जिंगच्या शेवटी व्होल्टेज धरून ठेवायचा टप्पा लांबत जातो, सेलची जाडी वाढते. ज्या अहवालात फक्त क्षमतेचा आलेख असतो आणि रोधाचा नसतो, तो अर्धाच असतो. ७० टक्क्यांपर्यंतच्या दाव्याकडेही म्हणूनच सावधपणे पाहायला हवं. दुप्पट आकडा तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा ८० आणि ७० च्या मध्ये गुडघा येत नाही.

न चालवताही जाणारं आयुष्य

या पद्धतीतली सर्वांत मोठी फट वेगळीच आहे. एसईआय सेल चालत असतानाच वाढतो असं नाही. सेल नुसता भरून ठेवला तरी तो वाढत राहतो. प्रयोगशाळेतला सेल सहा हजार सायकल्स साडेतीन वर्षांत उरकतो. आपल्या घरातला सेल तेवढ्याच सायकल्सना सोळा वर्षं घेतो. मधली साडेबारा वर्षं त्या चाचणीत आलेलीच नसतात.

एचआरएलच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. संथ प्रवाहावर सेल किती खोल रिकामा केला याचा परिणाम तुलनेने कमी होता. काळ आणि तापमान यांचा परिणाम जास्त होता. घरगुती सोलर बॅटरी संथ प्रवाहावरच चालते. म्हणजे तिच्या बाबतीत नुसत्या सायकल्स मोजणं अपुरं आहे.

प्रामाणिक उत्पादक म्हणून दुसरी चाचणी समांतर चालवतात. काही सेल २५, ४५, ६० अशा तापमानांवर, काही पूर्ण भरलेले आणि काही अर्धे भरलेले, नुसते ठेवून देतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची क्षमता तपासतात. या ठेवून दिल्याने झालेल्या घटीत सायकल्सची घट मिळवली, की वर्षांमध्ये सांगता येणारं आयुष्य मिळतं. सायकल्सचा मोठा आकडा आणि वर्षांची छोटी वॉरंटी एकाच माहितीपत्रकात दिसते, त्याचं बरंचसं कारण इथे आहे. विक्री विभाग पहिली चाचणी छापतो आणि वॉरंटी ठरवणारा विभाग दोन्ही चाचण्या वाचतो.

आपल्या गच्चीवर

प्रयोगशाळा जे मुद्दाम, यंत्र लावून करते, ते विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून आपोआप होतं. दावा जवळजवळ नेहमी २५ अंशांचा असतो. बॅटरी मात्र जिन्याच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसवलेली असते.

वरच्याच सूत्राने मोजलं, तर २५ ऐवजी सरासरी ३५ अंशांवर राहणाऱ्या त्या सेलचं आयुष्य निम्म्याहून थोडं कमी होतं. सहा हजार सायकल्सचा दावा तिथे २,८०० च्या आसपास येतो, म्हणजे सोळा वर्षांची आठही राहत नाहीत. ४५ अंशांवर १,४००. आपल्या बॅटरीतला सेल त्या अभ्यासातल्या सेलसारखा तंतोतंत वागणार नाही. नवे सेल अधिक सुधारलेले आहेत. पण दिशा हीच राहते आणि फरकही याच मापाचा असतो. बॅटरी कुठे टांगायची हा निर्णय कोणत्या कंपनीची घ्यायची या निर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, हवा खेळती असलेली खोली बॅटरीची वर्षं वाढवते, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

आणखी एक अट लक्षात ठेवावी. दावा बहुधा एका सेलचा असतो. घरी येणाऱ्या ५१.२ व्होल्टच्या बॅटरीत असे सोळा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतला सर्वांत कमजोर सेल रिकामा झाला की सगळी बॅटरी थांबते. मधले सेल कडेच्या सेलपेक्षा गरम राहतात, म्हणून तेच आधी झिजतात.

विक्रेत्याला मग काय विचारायचं? आकडा किती तापमानाचा, किती प्रवाहाचा आणि किती टक्क्यांपर्यंतचा आहे? तो सेलचा आहे की पूर्ण बॅटरीचा? त्यांतल्या किती सायकल्स खरोखर चालवल्या आणि किती गणिताने काढल्या? उत्तर देता येत नसेल तर डेटाशीट मागा, त्यात पहिल्या तीन गोष्टी बहुधा असतातच.

शेवटी वॉरंटीच्या कागदावर एक हिशेब स्वतः करून पाहा. अनेक वॉरंटींमध्ये वर्षांबरोबर बॅटरीतून एकूण किती युनिट वीज काढता येईल, याची मर्यादा लिहिलेली असते. पाच युनिटच्या बॅटरीने खरोखर सहा हजार सायकल्स दिल्या आणि तिची क्षमता शंभरावरून ८० टक्क्यांवर उतरली, तर तिच्यातून एकूण सत्तावीस हजार युनिटच्या आसपास वीज निघायला हवी. वॉरंटीत पंधरा हजार लिहिले असतील, तर कंपनी लेखी जबाबदारी तेवढ्याचीच घेते आहे. उरलेले बारा हजार हा तिचा अंदाज आहे. तो चांगल्या शास्त्रावर आधारलेला असू शकतो, पण तो चुकला तर नुकसान आपलं होतं. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना सायकल्सचा आकडा बाजूला ठेवा. वॉरंटीतली युनिट, वर्षं आणि त्यासाठी घातलेली तापमानाची अट या तीन गोष्टींवर तुलना करा आणि त्यावरच किंमत ठरवा.